डिफ्रॅक्शन ग्रेटिंगच्या रिपोर्टचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट कसा लिहायचा: एक आकडा, त्याची अनसर्टन्टी आणि चार वाक्यं

बीएस्सीच्या प्रॅक्टिकल जर्नलमध्ये आपण उद्देश, साहित्य, आकृती, सूत्र, निरीक्षण तक्ता, गणित आणि शेवटी रिझल्ट अशा क्रमाने लिहायला शिकतो, त्यात अ‍ॅबस्ट्रॅक्ट बहुतेक वेळा नसतोच. मग एमएस्सीला किंवा बाहेरच्या युनिव्हर्सिटीत गेलं की पहिल्याच लॅब रिपोर्टला शंभरेक शब्दांचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागतात आणि आपण सवयीने जर्नलमधला उद्देशच थोडा लांबवून तिथे टाकतो. म्हणजे साधारण असं काहीतरी होतं:

"या प्रयोगात आपण डिफ्रॅक्शन ग्रेटिंगचा अभ्यास केला. ग्रेटिंगवर प्रकाश पडला की त्याचे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या कोनात जातात. स्पेक्ट्रोमीटर वापरून मर्क्युरीच्या वेगवेगळ्या लाइन्सचे कोन मोजले आणि d sinθ = nλ या सूत्राने वेव्हलेंग्थ काढल्या. मिळालेल्या किमती स्टँडर्ड किमतींशी चांगल्या जुळल्या आणि प्रयोग यशस्वी झाला."

यात चुकीचं वाक्य एकही नाही, पण वाचणाऱ्याला काय कळलं? कुठली लाइन, किती आली, किती खात्रीने आली, कशाशी जुळली, यातलं काहीच नाही. हा मजकूर प्रयोग करायच्या आदल्या दिवशीसुद्धा लिहिता आला असता, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट तपासायची माझी पहिली कसोटी हीच असते, की यातलं किती प्रयोग न करता लिहिता आलं असतं.

आता एकच केस घेऊन शेवटपर्यंत जाऊ. मर्क्युरी लॅम्प, स्पेक्ट्रोमीटर ज्याचा लीस्ट काउंट १ मिनिट आहे, आणि आपल्याकडच्या लॅबमध्ये नेहमी दिसणारं १५००० लाइन्स पर इंच लिहिलेलं ट्रान्समिशन ग्रेटिंग. मोजायची आहे हिरव्या लाइनची वेव्हलेंग्थ. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण अशा सेटअपवर साधारण असेच येतात, तुम्ही कॅल्क्युलेटर घेऊन सोबत करून बघा म्हणजे तुमच्या रीडिंगवर तेच करता येईल.

पायरी १: मेन रिझल्ट कुठला ते आधी ठरवा

मर्क्युरीच्या स्पेक्ट्रममध्ये जांभळी, निळी, हिरवी आणि दोन पिवळ्या लाइन्स सहज दिसतात, आणि प्रत्येकीची पहिली आणि दुसरी ऑर्डर धरली तर तुमच्या तक्त्यात दहा वेव्हलेंग्थ असू शकतात. मग वाटतं की एवढी मेहनत केलीय तर सगळ्याच देऊया. तसं करू नका, दहा आकडे एका परिच्छेदात आले की कुठलाच लक्षात राहत नाही. सगळा तक्ता रिपोर्टच्या आत असणारच आहे.

निवडायचं कसं? प्रयोगाचा प्रश्न काय होता ते बघा. प्रश्न "ग्रेटिंगवर दर मिलिमीटरला किती रेघा आहेत" असा असेल तर मेन रिझल्ट रेघांची संख्या, आणि मर्क्युरीच्या लाइन्स फक्त साधन. प्रश्न "या लाइनची वेव्हलेंग्थ किती" असा असेल तर वेव्हलेंग्थ. दोन्ही एकाच दिव्याच्या त्याच लाइनवरून मात्र काढता येत नाहीत, हे नीट समजून घ्या. हिरव्या लाइनची ५४६.०७ नॅनोमीटर ही किंमत वापरून d काढला आणि तोच d वापरून परत हिरव्या लाइनची वेव्हलेंग्थ काढली तर ५४६.०७ च येणार, ती काही तुम्ही मोजली नाही.

आपल्या केसमध्ये d आणायचा दुसरीकडून. ग्रेटिंगवर लिहिलेल्या आकड्यावरून d म्हणजे २.५४ सेंटिमीटर भागिले १५०००, म्हणजे १६९३.३ नॅनोमीटर. पण लॅबमधलं ग्रेटिंग बहुतेक वेळा रेप्लिका असतं आणि चिकटवलेला आकडा नेमका किती खरा आहे ते त्यावर लिहिलेलं नसतं. तो ०.२ टक्के जरी इकडेतिकडे असला तरी वेव्हलेंग्थमध्ये १.१ नॅनोमीटर फरक पडतो, आणि थोड्या वेळात दिसेल की कोन मोजण्यातून येणारी अनसर्टन्टी त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. म्हणून आधी सोडियम लॅम्प लावून d काढून घ्यायचा आणि मग त्याच ग्रेटिंगला हात न लावता मर्क्युरी लॅम्प ठेवायचा. दहा-पंधरा मिनिटांचं जास्तीचं काम आहे, पण त्यामुळेच अ‍ॅबस्ट्रॅक्टमधला आकडा तुमचा स्वतःचा होतो. सोडियम लॅम्प उपलब्धच नसेल तर अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये स्पष्ट लिहा की d ची किंमत ग्रेटिंगवर दिलेली तशीच घेतली आहे, लपवू नका.

दुसरा निर्णय ऑर्डरचा. पहिली की दुसरी? पुष्कळ जण दोन्ही ऑर्डरच्या वेव्हलेंग्थची साधी सरासरी काढून तीच मेन रिझल्ट म्हणून देतात. पण कोनात तेवढीच चूक झाली तर दुसऱ्या ऑर्डरमध्ये वेव्हलेंग्थमधली चूक बरीच कमी असते, कारण सूत्रात n ने भागलं जातं आणि cosθ पण लहान होतो. इथे हिशोब केला तर दुसरी ऑर्डर जवळजवळ अडीचपट बरी पडते. चांगल्या आकड्यात कमी चांगला आकडा सारख्या वजनाने मिसळायचं काही कारण नाही. मेन रिझल्ट दुसऱ्या ऑर्डरचा द्या आणि पहिल्या ऑर्डरचा तो ताळा म्हणून रिपोर्टच्या आत ठेवा. दुसऱ्या ऑर्डरमध्ये लाइन फिकट असते, त्यामुळे स्लिट बारीक ठेवून खोलीत अंधार करावा लागतो एवढंच.

पायरी २: आकडा काढा

सोडियमचं आधी. दुसऱ्या ऑर्डरमध्ये पिवळ्या लाइनच्या दोन लाइन्स वेगळ्या दिसतात, दोघींमध्ये साधारण साडेतीन मिनिटांचं अंतर असतं. जी थेट किरणाच्या जवळ आहे आणि जास्त ठळक आहे ती डी-२, तिची हवेतली वेव्हलेंग्थ ५८८.९९५ नॅनोमीटर. क्रॉसवायर तिच्यावर लावायची. डाव्या बाजूचं रीडिंग आणि उजव्या बाजूचं रीडिंग, दोन्ही व्हर्नियरवर, वजाबाकी करून 2θ मिळतो ८८ अंश ९ मिनिटं, म्हणजे θ झाला ४४ अंश ४.५ मिनिटं.

मर्क्युरीच्या हिरव्या लाइनसाठी दुसऱ्या ऑर्डरमध्ये 2θ पाच वेळा घेतला, प्रत्येक वेळी टेलिस्कोप हलवून नव्याने क्रॉसवायर लावून: ८० अंश आणि पुढे १८, २१, २०, २२, १९ मिनिटं. सरासरी ८० अंश २० मिनिटं, θ म्हणजे ४० अंश १० मिनिटं.

```
d = n λ(Na) / sinθ(Na) = 2 × 588.995 / sin(44°4.5') = 1693.49 nm
λ = d sinθ / n = 1693.49 × sin(40°10') / 2 = 546.16 nm
```

पहिल्या ऑर्डरमध्ये 2θ आला ३७ अंश ३८ मिनिटं, त्यावरून ५४६.२२. म्हणजे ताळा बसला.

इथे एक गोष्ट तपासून घ्या, कारण तिचा थेट परिणाम रिझल्टवर होतो. ग्रेटिंग किरणाला अगदी काटकोनात आहे असं सूत्र धरून चालतं. ते थोडं तिरकं असेल आणि तुम्ही एकाच बाजूचा कोन मोजला असेल तर दुसऱ्या ऑर्डरमध्ये फक्त ०.१ अंश तिरकेपणाने जवळपास ०.३५ नॅनोमीटरची चूक येते, म्हणजे सगळी मेहनत गेली. दोन्ही बाजू मोजून अर्धा केला की ही चूक जवळपास पूर्ण कटते, १ अंश तिरकं असलं तरी ०.१४ नॅनोमीटरच उरते. तिरकेपणा ओळखायचा कसा? थेट किरणाचं रीडिंग घेऊन ठेवा आणि डावा कोन आणि उजवा कोन वेगवेगळे काढून बघा. दोघांत दहा मिनिटांचा फरक असेल तर काळजी करू नका, पण ३५-४० मिनिटांचा फरक दिसला तर ग्रेटिंग साधारण १ अंश तिरकं आहे, परत लावा. हे अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये लिहायचं नाही, पण "दोन्ही बाजूंचे कोन मोजून" हे चार शब्द मात्र लिहायचे, कारण जाणकार वाचणारा तेच शोधत असतो.

पायरी ३: अनसर्टन्टी काढा, आणि ती खरीच काढा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सावकाश जाऊ.

पाच रीडिंगचा स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. सरासरीपासूनचे फरक −२, १, ०, २, −१ मिनिटं, त्यांच्या वर्गांची बेरीज १०, तिला ४ ने भागून वर्गमूळ घेतलं की १.६ मिनिटं. सरासरीची अनसर्टन्टी म्हणजे हे भागिले पाचचं वर्गमूळ, ०.७ मिनिटं. त्यात व्हर्नियरच्या लीस्ट काउंटचा वाटा मिळवायचा: एका रीडिंगमध्ये अर्धा मिनिट इकडे किंवा तिकडे, त्याला ३ च्या वर्गमूळाने भागून ०.२९, आणि 2θ ही दोन रीडिंगची वजाबाकी असल्याने ०.४१. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की ०.८ मिनिटं. ही झाली 2θ ची. θ ची तिच्या निम्मी, ०.४ मिनिटं. निम्मं करायचं विसरणारे बरेच असतात, त्यामुळे अनसर्टन्टी दुप्पट फुगते.

आता रेडियन. ०.४ मिनिटं म्हणजे ०.०००११६ रेडियन. खालच्या सूत्रात u(θ) रेडियनमध्येच टाकायचा असतो, कारण sinθ चं डिफरन्शिएशन cosθ हे रेडियनमध्येच खरं असतं. अंशांमध्ये टाकलं, म्हणजे ०.००६७, तर कोनाच्या वाट्याची अनसर्टन्टी ४.३ नॅनोमीटर येते. तुमची ± नंतरची संख्या अशी काही नॅनोमीटर आली आणि रीडिंग मात्र एक-दोन मिनिटांत जुळत असतील, तर नव्वद टक्के वेळा हेच झालेलं असतं.

```
u(λ)² = [ d cosθ u(θ) / n ]² + [ λ u(d) / d ]²
```

पहिला भाग कोनाचा: १६९३.४९ गुणिले cos ४०°१०′ गुणिले ०.०००११६ भागिले २, उत्तर ०.०७५ नॅनोमीटर. दुसरा भाग d चा. सोडियमचा कोनही तेवढ्याच काळजीने, तितक्याच वेळा मोजला असं धरलं तर d ची अनसर्टन्टी ०.२ नॅनोमीटर येते, d गुणिले cotθ गुणिले u(θ) असा साधा हिशोब आहे. त्यातून वेव्हलेंग्थमध्ये येतात ०.०६५ नॅनोमीटर. दोन्ही मिळून ०.१० नॅनोमीटर.

या दोन भागांकडे जरा नीट बघा, कारण अ‍ॅबस्ट्रॅक्टचं शेवटचं वाक्य यातूनच निघणार आहे. कोनाचा वाटा थोडा मोठा, d चा थोडा लहान, पण दोन्ही जवळपास सारखे. म्हणजे फक्त मर्क्युरीची रीडिंग वाढवून फार फायदा नाही, सोडियमचीही वाढवावी लागतील. "अनसर्टन्टी ह्यूमन एररमुळे आली" असं लिहिणारे खूप असतात, त्या वाक्यातून कोणालाच काही करता येत नाही. क्रॉसवायर लाइनच्या मध्यावर लावण्यातला फरक असं म्हटलं की निदान पुढच्याला कळतं की स्लिट बारीक करायला हवी.

आणि पर्सेंटेज एरर म्हणजे अनसर्टन्टी नव्हे. जर्नलमध्ये आपण शेवटी स्टँडर्ड किंमत आणि आपली किंमत यांतला फरक टक्क्यांत लिहितो. तो फरक उत्तर माहीत असल्यावरच काढता येतो. अनसर्टन्टी तुमच्या स्वतःच्या मोजमापातून येते, उत्तर कोणालाच माहीत नसलं तरी ती काढता आली पाहिजे. ± च्या पुढे ०.०९ लिहून ठेवलं आणि ते ५४६.१६ वजा ५४६.०७ करून आणलेलं असेल, तर तो रिझल्ट स्टँडर्ड किमतीशी नेहमीच जुळणार, काहीही मोजलं तरी.

पायरी ४: राउंडिंग

कॅल्क्युलेटरवर ५४६.१६२ आणि ०.०९९६ असं काहीतरी दिसेल. आधी अनसर्टन्टी राउंड करा, मग किंमत त्याच दशांश स्थळापर्यंत आणा. अनसर्टन्टीचा पहिला अंक १ असेल तर दोन अंक ठेवलेले बरे, कारण ०.१ म्हणजे ०.०५ ते ०.१५ मधलं काहीही असू शकतं. म्हणून आपण लिहू ५४६.१६ ± ०.१० नॅनोमीटर. काही ठिकाणी एकच अंक ठेवा असं सांगतात, मग ५४६.२ ± ०.१ लिहा, तेही बरोबर. चूक कशाला म्हणायचं? ५४६.१६२ ± ०.१ ला, कारण शेवटच्या दोन अंकांना काही अर्थ नाही, आणि ५४६ ± ०.१० ला, कारण मोजलेली माहिती फेकून दिली. अँगस्ट्रॉममध्ये लिहायची सवय असेल तर ५४६१.६ ± १.० अँगस्ट्रॉम, पण अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये एक आणि तक्त्यात दुसरं असं युनिट नको.

पायरी ५: कशाशी तुलना करायची

हे सहसा कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. मर्क्युरीच्या हिरव्या लाइनची किंमत नेटवर शोधली तर दोन आकडे सापडतात, ५४६.०७ आणि ५४६.२३. पहिला हवेतला, दुसरा व्हॅक्यूममधला. हवेचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स साधारण १.०००२८ असल्याने दोघांत ०.१५ नॅनोमीटरचा फरक पडतो, आणि आपली अनसर्टन्टी ०.१० आहे, म्हणजे हा फरक आता आपल्याला परवडणारा नाही. आपण प्रयोग हवेत केला आणि सोडियमची किंमतही हवेतलीच घेतली, म्हणून तुलना ५४६.०७ शीच. सोडियमची व्हॅक्यूमची किंमत घेतली आणि मर्क्युरीची हवेतली, असं मिसळलं तर उत्तर ०.१५ ने वर सरकतं आणि चूक ग्रेटिंगमध्ये शोधत बसाल.

आपल्या केसमध्ये फरक ०.०९, अनसर्टन्टी ०.१०. म्हणजे फरक एका अनसर्टन्टीच्या आत. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये "चांगली जुळते", "खूप जवळ आली" असले शब्द टाकू नका, "अनसर्टन्टीच्या आत जुळते" हे मोजून सांगितलेलं आहे, तेच लिहा.

पायरी ६: चार वाक्यं लिहा

आता लिहायला बसायचं, आणि रिपोर्टचा बाकीचा भाग लिहून झाल्यावरच बसायचं. पहिलं वाक्य: काय मोजलं आणि कसं. दुसरं: किती आलं. तिसरं: कशाशी जुळलं. चौथं: अनसर्टन्टी कुठून आली. तुमचा रिपोर्ट इंग्रजीत असेल, तरी वाक्यांचा क्रम हाच ठेवा.

पहिला खर्डा साधारण असा होतो:

"डिफ्रॅक्शन ग्रेटिंग हे प्रकाशाची वेव्हलेंग्थ मोजण्याचं महत्त्वाचं साधन आहे. या प्रयोगात १ मिनिट लीस्ट काउंट असलेला स्पेक्ट्रोमीटर लेव्हल करून, कॉलिमेटर आणि टेलिस्कोप समांतर किरणांसाठी अ‍ॅडजस्ट करून, मर्क्युरी लॅम्पच्या हिरव्या लाइनचे दुसऱ्या ऑर्डरमधले कोन दोन्ही बाजूंना मोजले. ग्रेटिंगचा d सोडियमवरून काढला. d sinθ = nλ या सूत्राने वेव्हलेंग्थ ५४६.१६२ नॅनोमीटर आली. स्टँडर्ड किंमत ५४६.०७ असून एरर ०.०१७ टक्के आहे. काही एरर ह्यूमन एररमुळे असू शकतो."

काय कापायचं? पहिलं वाक्य पूर्ण जाईल, ते प्रस्तावनेत ठेवा. स्पेक्ट्रोमीटर लेव्हल करणं, कॉलिमेटर अ‍ॅडजस्ट करणं हे प्रत्येक जण करतो, ते पद्धतीच्या भागात. सूत्रही नको, ग्रेटिंगचा रिपोर्ट वाचणाऱ्याला ते माहीत असतं. लीस्ट काउंटही काढा, त्याचा परिणाम ± मध्ये आलेला आहे. राहायला हवं ते असं, की d सोडियमच्या कुठल्या लाइनवरून काढला, कारण ते बदललं तर उत्तर बदलतं. तसंच दुसरी ऑर्डर आणि दोन्ही बाजू. कापायचा नियम म्हणून हाच धरा: ज्या तपशिलाने मेन रिझल्ट किंवा त्याची अनसर्टन्टी बदलते तो ठेवायचा, बाकी आत.

मग होतं असं:

"सोडियमच्या डी-२ लाइनवरून कॅलिब्रेट केलेलं ट्रान्समिशन ग्रेटिंग आणि स्पेक्ट्रोमीटर वापरून, दुसऱ्या ऑर्डरमधले कोन दोन्ही बाजूंना मोजून, मर्क्युरीच्या हिरव्या लाइनची वेव्हलेंग्थ काढली. ती ५४६.१६ ± ०.१० नॅनोमीटर मिळाली, ± पुढची संख्या एक स्टँडर्ड अनसर्टन्टी आहे. हवेतल्या ५४६.०७ नॅनोमीटर या मान्य किमतीशी ती अनसर्टन्टीच्या आत जुळते. अनसर्टन्टीत सर्वात मोठा वाटा क्रॉसवायर लाइनवर लावण्यातल्या फरकाचा आहे, आणि ग्रेटिंग कॉन्स्टंटच्या कॅलिब्रेशनचा वाटा त्याच्या जवळपास आहे."

साधारण साठ-सत्तर शब्द झाले. "एक स्टँडर्ड अनसर्टन्टी" हे का लिहिलं? कारण कोणी ± म्हणजे जास्तीत जास्त चूक समजतं, कोणी दोन स्टँडर्ड डेव्हिएशन, आणि वाचणाऱ्याने अंदाज बांधायची वेळ येऊ नये. तेवढ्या तीन शब्दांत तो प्रश्न मिटतो.

d ची किंमत अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये द्यायची की नाही यावर लोकांचं एकमत नसतं. माझं मत, प्रयोगाचा प्रश्न वेव्हलेंग्थचा असेल तर नको, दुसरा ± आला की नजर विभागते. प्रश्नात दोन्ही विचारलं असेल तर पहिल्या वाक्यात "१६९३.५ ± ०.२ नॅनोमीटर" एवढं घाला आणि थांबा.

जुळलंच नाही तर काय लिहायचं

समजा तुमचा आकडा आला ५४५.६१ ± ०.१०. फरक ०.४६, म्हणजे अनसर्टन्टीच्या साडेचारपट. इथे अनसर्टन्टी वाढवून ± ०.५ लिहायचा मोह होतो, तो करू नका, रीडिंग काय सांगतात ते सांगतात. आधी कारण शोधा. या सेटअपमध्ये असा खाली सरकलेला आकडा आला की मी पहिल्यांदा सोडियमकडे बघतो. डी-१ लाइनवर क्रॉसवायर लावून किंमत मात्र डी-२ ची घेतली तर d ०.१ टक्क्याने कमी येतो आणि हिरवी लाइन ०.५५ नॅनोमीटरने खाली जाते, म्हणजे बरोबर ५४५.६ च्या आसपास. हे तपासायला सोडियमची वही काढा: 2θ ८८ अंश ९ मिनिटांऐवजी ८८ अंश १६ मिनिटांच्या जवळ असेल तर तुम्ही डी-१ वर होतात. स्लिट रुंद असताना दोन्ही लाइन्स एकात मिसळलेल्या दिसतात आणि तुम्ही मध्यावर लावता, तेव्हा यातला निम्मा फरक पडतो.

कारण सापडलं आणि परत मोजता आलं तर परत मोजा. वेळ नसेल, लॅब संपली असेल, तर तिसरं वाक्य असं बदला: "ही किंमत हवेतल्या मान्य किमतीपेक्षा ०.४६ नॅनोमीटरने, म्हणजे अनसर्टन्टीच्या साडेचारपट, कमी आहे. कॅलिब्रेशनच्या वेळी सोडियमच्या डी-१ आणि डी-२ लाइन्सची अदलाबदल झाली असल्यास एवढा फरक पडू शकतो." आकडा न लपवता, कारण किती मोठा परिणाम करतं ते मोजून दिलेलं. फक्त "असल्यास" हा शब्द विसरू नका, तुम्ही ते सिद्ध केलेलं नाही, आणि त्याचा पूर्ण हिशोब चर्चेच्या भागात यायला हवा.

सबमिट करायच्या आधी एकदा अ‍ॅबस्ट्रॅक्टमधला आकडा, निष्कर्षातला आकडा आणि तक्त्याखालचा आकडा शेजारी ठेवून वाचा. शेवटच्या रात्री एखादं रीडिंग दुरुस्त केलं की तक्ता बदलतो आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये जुना ५४६.१८ तसाच राहून जातो, आणि तपासणारा पान उलटून सगळ्यात आधी तेच बघतो.